जोशूचा कुत्रा आणि ‘मू’

प्रश्न: झेन कोड्यांना तर्काने उत्तर मिळत नाही, मग ती साधकाला कशासाठी देतात?

कुत्र्यात बुद्धस्वभाव आहे का, या भिक्षूच्या प्रश्नावर चिनी गुरू झाओझोऊ (जपानीत जोशू) म्हणाले, ‘मू’, म्हणजे ‘नाही’. सर्व जीवांत बुद्धस्वभाव असतो हे शिकलेल्या साधकाची बुद्धी इथेच अडते, आणि हे अडणेच अपेक्षित असते. १२२८ साली हे कोआन, म्हणजे झेन कोडे, आपल्या संग्रहात पहिले ठेवणाऱ्या वूमेन यांनी ‘मू’चा अर्थ शून्य किंवा आहे-नाही असा लावू नये, असे बजावले; ‘मू’ गिळलेल्या, ओकताही न येणाऱ्या तप्त लोहगोळ्यासारखा अहोरात्र बाळगावा. झेनच्या रिन्झाई पंथाच्या मठात साधक गुरूंच्या एकांतभेटीत आपले आकलन मांडतो. ते केवळ शब्दपांडित्य असेल, तर गुरू घंटी वाजवून त्याला परत ध्यानाच्या बैठकीला पाठवतात. माझ्या मते, कोआनचे खरे कार्य या वारंवारच्या नकारातच दिसते.