एक लाख जमा, पण कोणत्या बिलापोटी?

प्रश्न : वकीलसाहेब, इंदूरच्या सियागंजमध्ये माझा पॅकिंगच्या सामानाचा धंदा आहे. एका गिऱ्हाइकाकडे तीन बिलं थकली आहेत : क्र. 41 (10-8-2022, 62,500 रु.), क्र. 58 (5-11-2022, 85,000) आणि क्र. 73 (20-1-2023, 46,000). उधारीची मुदत ठरली नव्हती. 3 जून 2025 ला त्याने एनईएफटीने 1,00,000 पाठवले, बिल क्रमांक कळवला नाही. पावती कशी देऊ?

उत्तर : आधी त्याचे मेसेज आणि बँकेतली नोंद नीट तपासा. पैसे देताना गिऱ्हाइकाने बिल सांगितलं असेल, किंवा रक्कम एखाद्या बिलाशी नेमकी जुळून त्याचा हेतू उघड होत असेल, तर रक्कम त्याच बिलात जमा करावी लागते (करार कायदा 1872, कलम 59). इथे तसं काही नसेल, तर कलम 60 प्रमाणे निवड तुमची. जुन्या बिलापासून सुरुवात करा आणि पावतीत असं लिहा :

"दि. 3-6-2025 रोजी एनईएफटीने 1,00,000 रु. मिळाले. बिल 41 : जमा 62,500, बाकी नाही. बिल 58 : जमा 37,500, बाकी 47,500. बिल 73 : जमा नाही, बाकी 46,000. एकूण बाकी 93,500."

बँकेचा व्यवहार क्रमांक घाला. रक्कम 5,000 च्या वर आहे, म्हणून 1 रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करा. "हिशेब चुकता" हे शब्द मात्र सवयीनेसुद्धा लिहू नका. पुढे बाकी मागताना तेच तुमच्यावर उलटतील.

खरी चूक याच्या पुढे होते. अनेक व्यापाऱ्यांना वाटतं, पैसे आले, पावती दिली, म्हणजे दाव्याची मुदत आपोआप वाढली. तसं होत नाही. मुदत कायदा 1963 च्या कलम 19 प्रमाणे पैसे भरल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची लागते. तुमच्या सहीची पावती त्याला चालत नाही, आणि एनईएफटीवर त्याची सही कुठून येणार?

उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्यापासून 3 वर्षं धरतात. माल बिलाच्याच तारखेला पोचला असेल, तर बिल 58 साठी 5-11-2025 आणि बिल 73 साठी 20-1-2026 ही शेवटची तारीख. बिल 73 ला तर यातला एक रुपयाही मिळालेला नाही, त्यामुळे कलम 19 त्याच्या उपयोगाचं नाही.

म्हणून पावतीच्या दोन प्रती काढा. गिऱ्हाईक मराठी वाचत नसेल तर हिंदीत काढा. दुसऱ्या प्रतीवर त्याच्याकडून लिहून घ्या : "वरील जमा व बिलवार बाकी मान्य." खाली त्याची सही आणि तारीख. फर्म असेल तर भागीदाराची किंवा अधिकार दिलेल्या माणसाची सही हवी. गल्ल्यावरच्या पोराची घेऊ नका. 5 नोव्हेंबरच्या आत ही सही मिळाली, तर कलम 18 प्रमाणे दोन्ही बिलांची 3 वर्षं सहीच्या तारखेपासून नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावर नुसती बाकी मान्य करून भागत नाही; मग पैसे देण्याचं सहीचं लेखी वचनच लागतं (करार कायदा, कलम 25(3)).

तो सही टाळत असेल तर वाट पाहू नका. बिल 58 चा दावा 5 नोव्हेंबरच्या आत दाखल व्हायला हवा, आणि नुसत्या नोटिशीने ती तारीख पुढे जात नाही.