पाच वर्षं उशीर झाला तर किती जातात? वाचकांचे प्रश्न

गुंतवणूक उशिरा सुरू करण्याबद्दल इतके प्रश्न आले की सगळे एकत्रच घेतो. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे हिशेब असा धरला आहे: दरमहा 10,000 रुपये, महिनाअखेरीस भरलेले; वार्षिक 10 टक्के परतावा, दर महिन्याला चक्रवाढ; रक्कम काढायची 60 व्या वर्षी. हे 10 टक्के मी गृहीत धरलेत, कुणी कबूल केलेले नाहीत.

मी 30 वर्षांचा आहे. आत्ता संसाराचे खर्च आहेत, म्हणून 35 व्या वर्षी सुरू करणार. फार तर सहा लाख कमी भरले जातील, एवढंच ना?

भरणा सहा लाखांनी कमी होतो, पण हाती येणारी रक्कम 93 लाखांनी घटते. तिसाव्या वर्षी सुरू केलंत तर 36 लाख भरून साधारण 2 कोटी 26 लाख होतात. पस्तिसाव्या वर्षी सुरू केलंत तर 30 लाख भरून 1 कोटी 33 लाख. म्हणजे 41 टक्के कमी.

हे 93 लाख येतात कुठून, ते बघा. तीस ते पस्तीस या काळात भरलेल्या सहा लाखांचे पस्तिसाव्या वर्षी जेमतेम 7 लाख 74 हजार झालेले असतात. बहुतेक लोक खातं इथे उघडून बघतात आणि म्हणतात, पाच वर्षांत पावणेदोन लाखच मिळाले, यासाठी एवढी ओढाताण कशाला करायची? पण हेच 7 लाख 74 हजार पुढे 25 वर्षं हात न लावता राहिले, तर बारा पटींनी वाढतात आणि त्यांचेच 93 लाख होतात.

आता हाच हिशेब मागच्या टोकाकडून मांडा. लवकर सुरू करणाऱ्याकडे 55 व्या वर्षी 1 कोटी 33 लाख असतात. उशिरा सुरू करणारा 60 व्या वर्षी नेमका याच आकड्यावर थांबतो. पहिल्याचे पैसे मात्र 55 ते 60 मध्ये 2 कोटी 26 लाखांवर जातात आणि त्या वाढीत त्याचे स्वतःचे हप्ते फक्त सहा लाखांचे असतात, उरलेले 87 लाख ही निव्वळ वाढ. उशीर तुम्ही सुरुवातीला करता, पण वजा होतात ती शेवटची पाच वर्षं. म्हणून तो करताना जाणवत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्प्रेडशीटमध्ये टाकून बघा:

```
=FV(10%/12,360,-10000)
```

मग 360 च्या जागी 300 लिहा. 10%/12 ऐवजी नुसतं 10% लिहिलंत तर दरमहा 10 टक्के धरले जातात आणि अचाट आकडा येतो. अशी चूक केलेले तक्ते मला दर महिन्याला येतात.

एक सावधगिरी. वाढीचा मोठा भाग शेवटच्या वर्षांत असल्यामुळे बाजाराची पडझड त्या वर्षांत झाली तर फटकाही सगळ्यात मोठा बसतो. प्रत्यक्षात दरवर्षी सरळ 10 टक्के कुणाला मिळत नाहीत. पन्नाशी ओलांडली की किती रक्कम सुरक्षित जागी हलवायची, हे तुमच्या सल्लागाराबरोबर बसून ठरवा.

मला 3,000 रुपयेच जमतात. हे आकडे मला लागू होतात का?

होतात. सगळ्या रकमांना 0.3 ने गुणा; 41 टक्क्यांची घट तेवढीच राहते.

पाच वर्षांत पगार चांगला वाढेल. तेव्हा दुप्पट हप्ता टाकून भरून काढेन.

हिशेबाने निघतं. पस्तिसाव्या वर्षापासून दरमहा साधारण 17,040 रुपये टाकलेत तर साठीला तेच 2 कोटी 26 लाख होतात. 20,000 टाकलेत तर त्याहून जास्त. तेव्हा तुम्हाला चूक म्हणता येणार नाही. फक्त तिथे पोहोचायला तुमच्या खिशातून 36 ऐवजी 51 लाख जातील आणि तो मोठा हप्ता 25 वर्षं एकदाही न चुकता गेला पाहिजे. पस्तिशीनंतरच घराचा हप्ता आणि मुलांच्या फिया सुरू होतात, हे मी सांगायला नको.

यापेक्षा आजपासून 2,000 रुपये सुरू करा आणि पस्तिसाव्या वर्षी 10,000 वर जा. नुसत्या त्या 2,000 मुळे साठीला सुमारे 18 लाख 67 हजारांची भर पडते. किती झेपेल ते महिन्याचा खर्च कागदावर मांडून ठरवा, अंदाजाने नको.

व्हॉट्सॲपवर आलं आहे की पहिली पाच वर्षं भरून थांबलं, तरी नंतर 25 वर्षं भरणाऱ्यापेक्षा जास्त मिळतात. खरं का?

परतावा किती धरलाय, ते त्यात लिहिलं होतं का? नसणारच. 15 टक्के धरले तर ते खरं ठरतं: पहिली पाच वर्षं भरून थांबणाऱ्याचे 3 कोटी 68 लाख, पुढची 25 वर्षं भरणाऱ्याचे 3 कोटी 24 लाख. 10 टक्के धरा, की चित्र उलटतं. थांबणाऱ्याचे 93 लाख आणि 25 वर्षं भरणाऱ्याचे 1 कोटी 33 लाख. कारण सोपं आहे. पहिल्या पाच वर्षांतले पैसे जिंकायचे तर रक्कम पाच वर्षांत साधारण दुप्पट व्हावी लागते आणि त्यासाठी दरवर्षी 14 टक्क्यांच्या आसपास लागतात. तीस वर्षं सलग 14 टक्के मिळतीलच, असं धरून निवृत्तीचा बेत आखणाऱ्याला मी तरी आवरतो.

उशिराची भीती मोठी दाखवायची असेल तर दर वाढवला की काम होतं. 6 टक्क्यांनी पाच वर्षांचा तोटा 31 टक्के येतो, 12 टक्क्यांनी 46. असा तक्ता हातात आला की आधी वरच्या कोपऱ्यात धरलेला दर शोधा. दर दिसला नाही तर तक्ता बाजूला ठेवा.

बाजार सध्या वर आहे. खाली आला की सुरू करू का?

नको. दरमहा गुंतवायचं असेल तर सहा महिने थांबून तुम्ही 360 पैकी फक्त सहा हप्ते वाचवता. बाकीचे 354 त्या त्या वेळच्या भावानेच जाणार आहेत. ते सहा हप्ते, म्हणजे 60,000 रुपये, साठीला 11 लाख 56 हजार झाले असते. बाजार पडलाच, तर आधी सुरू केलेल्याचे पुढचे हप्तेही स्वस्तातच लागतात. एकरकमी मोठी रक्कम हातात असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी सल्लागाराला भेटा.

ओळखीच्या एकाने उशिराचा तक्ता दाखवून आजच सही करा म्हटलं. महिनाभर थांबलो तर खरंच एवढा फरक पडेल?

एका महिन्याचा फरक साठीला 1 लाख 97 हजारांचा. ऐकायला मोठा वाटतो, पण 2 कोटी 26 लाखांच्या तुलनेत एक टक्काही नाही. तक्ता खरा असेल, घाई त्यांची आहे.

आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण उशिराच्या नावाखाली सगळ्यात जास्त नुकसान इथे होताना बघतो. समजा, त्या योजनेत वर्षाला 2 टक्के जादा खर्च कापला जातो. मग तुमच्या हाती 10 नाही, 8 टक्के येतात. तिसाव्या वर्षी वेळेवर सुरू करूनही साठीला 1 कोटी 49 लाखच होतात. 77 लाख गेले, ते उशिरामुळे नव्हे, तर खर्चामुळे. पाच वर्षं उशीर करून स्वस्त योजनेत गेलेल्याला 1 कोटी 33 लाख मिळतात, म्हणजे तुम्ही घाई करून त्याच्याहून फारसे पुढे गेलेला नसता.

तेव्हा सहीआधी तीन गोष्टी लेखी मागा: दरवर्षी एकूण किती टक्के खर्च कापला जातो, पहिल्या वर्षी भरलेल्या रकमेतले प्रत्यक्ष किती गुंतवले जातात आणि तीन वर्षांनी बंद केलं तर हातात किती येतात. तोंडी उत्तर चालणार नाही. “सगळे असंच घेतात” हे उत्तर तर मुळीच नाही. मग ते कागद अशा नोंदणीकृत सल्लागाराला दाखवा, जो तुमच्याकडून फी घेतो आणि विक्रीवर कमिशन घेत नाही. त्यात दोन-तीन आठवडे गेले तर जाऊ द्या.

2 कोटी 26 लाख म्हणजे म्हातारपणाची काळजी मिटली ना?

त्या रकमेने तेव्हा काय विकत घेता येईल, ते आधी बघा. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर तीस वर्षांनंतरचे 2 कोटी 26 लाख आजच्या सुमारे 39 लाखांएवढे आहेत. उशिरा सुरू केलेल्याचे 1 कोटी 33 लाख म्हणजे आजचे 23 लाख. म्हणजे त्या 93 लाखांच्या फरकाची आजची किंमत 16 लाख. भीती घालणारे हे सांगत नाहीत. 41 टक्क्यांची घट मात्र महागाई धरूनही तेवढीच राहते, म्हणून रकमेऐवजी टक्क्याकडे बघत जा. उत्पन्न वाढेल तसा हप्ता वाढवावा लागेल. तुम्हाला एकूण किती पुरतील, हे तुमचा खर्च बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, मीही नाही.

मी 40 वर्षांची आहे. आता उशीर झालाच आहे, तर 45 ला सुरू केलं तरी काय बिघडतं?

तिशीतल्या माणसापेक्षा जास्त बिघडतं. चाळिसाव्या वर्षी सुरू केलंत तर साठीला सुमारे 76 लाख होतात, पंचेचाळिसाव्या वर्षी केलंत तर साडेएकेचाळीस. त्याने पाच वर्षं घालवली तर 41 टक्के जातात, तुमचे 45. हातात वर्षं कमी असताना त्यातली पाच गेली तर वाटा मोठाच जाणार. पण कमी वेळ उरलाय म्हणून जास्त जोखमीच्या योजनेत उडी घेऊ नका. हप्ता किती आणि कुठे, हे ठरवायला याच महिन्यात सल्लागाराची वेळ घ्या.

कर्जावर 24 टक्के व्याज चालू आहे. तरी 10,000 ची एसआयपी सुरू करू का?

आधी कर्ज फेडा.