जॅकपॉट पुढे सरकत गेला की लॉटरीचं तिकीट फायद्याचं होतं का?

"रंकाळ्यावर मित्रांत वाद झाला. अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीचा जॅकपॉट साठत गेला की कधीतरी २ डॉलरचं तिकीट २ डॉलरपेक्षा जास्त मोलाचं होतच असेल ना?"

कागदावर होतं, पण हातात पडेपर्यंत ते मोल उरत नाही. १३ जानेवारी २०१६ ची सोडत घ्या. जाहीर जॅकपॉट १५८.६ कोटी डॉलर होता, पण ती तीस वर्षांच्या हप्त्यांची बेरीज. एकरकमी मिळणार होते ९८.३५ कोटी. जिंकण्याची शक्यता २९.२२ कोटीत एक, म्हणजे तिकिटामागे ३.३७ डॉलर. इथपर्यंत तुमचे मित्र बरोबर.

खरी गोम पुढे आहे. जॅकपॉट फुगला की खरेदीला झुंबड उडते. त्या सोडतीला सुमारे ६३.५ कोटी तिकिटं खपली. म्हणजे तुमचा नंबर लागलाच, तरी तोच नंबर असलेले सरासरी २.१७ वाटेकरी निघणार. सरासरी वाटा (1 − e^(−λ))/λ या सूत्रानं काढा, λ = २.१७ धरून. येतो ०.४१. झाले १.३८ डॉलर. त्यावर तेव्हाचा ३९.६ टक्के केंद्रीय कर लावला की ०.८३. लहान बक्षिसांचे साधारण ०.३२ मिळवा: १.१५ डॉलर, म्हणजे तिकिटाच्या २ डॉलरपेक्षा कमीच.

प्रत्यक्षात तीन तिकिटांना जॅकपॉट विभागून गेला. बरेच जण वाढदिवसाच्या तारखा लावतात, म्हणून ३१ च्या वरचे आकडे घेतले तर वाटेकरी थोडे घटतात; शक्यता मात्र तीच राहते. आणि परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायला फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांत बंदी आहे.