सोन्याशेजारी चांदी ठेवावी, पण किती?

"सोनं थोडंफार आहे. आता सगळे म्हणतात चांदी घ्या, कारखान्यांना लागते म्हणून वाढतच जाणार. घ्यावी का?"

घ्या, पण सोन्याला जोड म्हणून, सोन्याऐवजी नको.

आमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खायला गर्दी होते. २०११च्या एप्रिलमध्ये मी तिथे दिवसा गेलो आणि सत्तर हजारांच्या आसपास किलोभर चांदीची वीट घेऊन आलो. तेव्हाही सगळे 'घ्या'च म्हणत होते. २०१५ संपताना तीच वीट पस्तीस हजारांच्याही खाली होती. भाव निम्मा झाला की मुद्दल परत यायला तो दुप्पट व्हावा लागतो, आणि त्याला २०२० उजाडलं. त्याच चार-साडेचार वर्षांत डॉलरमध्ये सोनंही पडलं होतं, पण रुपया घसरल्यामुळे आपल्याकडे ते थोडं वरच राहिलं. चांदीची पडझड इतकी मोठी होती की रुपयाही तिला सावरू शकला नाही.

कारखान्यांची मागणी खरी आहे. निम्म्याहून जास्त चांदी सोलर पॅनेल, स्विच, इलेक्ट्रॉनिक्स यांत जाते. पण कारखानदार काही हौसेने घेत नाही. भाव चढला की तो सोलर सेलवरची चांदीची रेघ बारीक करतो, जमेल तिथे तांबं वापरतो, आणि मंदी आली की खरेदीच थांबवतो. पुरवठ्याचंही उलटंच आहे. बरीचशी चांदी जस्त, शिसं, तांबं काढताना सोबत निघते, म्हणजे भाव वाढला म्हणून खाणी लगेच जास्त चांदी देत नाहीत. त्यात बाजार लहान. म्हणून चढतानाही उडी आणि पडतानाही उडी.

मी आता शंभरात ऐंशी सोनं, वीस चांदी ठेवतो. समजा लाखाचं असं केलं, चांदी दुप्पट होऊन चाळीस हजार झाली आणि सोनं अठ्ठ्याऐंशी. एकूण १,२८,०००, त्याचे वीस टक्के २५,६००. मग साधारण चौदा हजारांची चांदी विकून सोन्यात टाकायची. चांदी पडली तर उलट. या उड्यांचा फायदा एवढ्यापुरताच घेता येतो, आणि विकायला हात धजावत नाही हीच खरी अडचण.

पैंजण-ताटं यात धरू नका. विकताना टंच बघून पैसे मिळतात, घडणावळ जाते. त्यापेक्षा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा चांदीचा फंड बरा, पण तिथेही डोळे उघडे ठेवा. २०२५च्या दिवाळीआधी चांदीचा तुटवडा झाला, तेव्हा ईटीएफ आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा बरेच महाग विकले जात होते, आणि काही फंडांनी आपल्या चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं होतं. ऑर्डर टाकण्याआधी iNAV, म्हणजे एका युनिटमागच्या चांदीची त्या घडीची किंमत, आणि युनिटचा बाजारभाव शेजारीशेजारी बघा. फरक दोन-तीन टक्क्यांचा दिसला तर मी त्या दिवशी घेत नाही.