पंच म्हणून समन्स आलंय, आता काय करू?

प्रश्न : नागपुरात मानेवाड्याला माझं किराणा दुकान आहे. 2021 मध्ये दुकानासमोर अपघात झाला, तेव्हा पोलिसांनी पंच म्हणून माझ्या सह्या घेतल्या. आता कोर्टाचं समन्स आलं. तारीख 18 आहे आणि त्याच दिवशी चंद्रपूरला पुतणीचा साखरपुडा आहे. मला फारसं काही आठवतही नाही. नाही गेलो तर काय होईल?

उत्तर : भाऊ, आधी समन्स नीट वाचा. त्यावर कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख आणि वेळ असते. ते सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातलं असेल, तर केस नंबर आणि कोर्टाचं नाव कागदावर लिहून ठेवा. तिथे गेल्यावर तेच विचारत जावं लागतं. समन्स म्हणजे तुमच्यावर आरोप नाही, तुम्हाला वकीलही लावावा लागत नाही. पण ते निमंत्रणही नव्हे, कोर्टाचा हुकूम आहे.

साखरपुड्याचं कारण खरं आहे, पण समन्स घेऊन आलेल्या शिपायाला "मी येत नाही" असं तोंडी सांगून भागत नाही. तो निरोप न्यायाधीशांपर्यंत पोचेलच असं नाही. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी त्या कोर्टातल्या सरकारी वकिलांना भेटा, लेखी अर्ज द्या, पत्रिका जोडा आणि पुढची तारीख मागा. ती द्यायची की नाही, हे न्यायाधीश ठरवतील. नाकारली तर साखरपुड्याला उशिरा पोचा, पण आधी कोर्टात हजर राहा.

न सांगता गैरहजर राहिलात तर बहुतेक वेळा आधी जामीनपात्र वॉरंट निघतं आणि ते घेऊन पोलीस ठाण्याचे लोक दुकानात येतात. तरीही टाळलंत तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं, म्हणजे पकडूनच हजर करतात. जाणूनबुजून समन्स डावलणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 208 प्रमाणे गुन्हाही आहे. कोर्टाच्या समन्सबाबत सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात इतकी वेळ क्वचित येते. वॉरंट मात्र नेहमी निघताना पाहतो.

आता तुमची खरी धास्ती, आठवत नाही ही. तुम्हाला अपघात कसा झाला ते सांगायचं नाहीये. पंचाची साक्ष असते ती घटनास्थळाच्या पंचनाम्याबद्दल : पोलीस तुम्हाला घेऊन गेले का, तिथे काय दिसलं, लिहिलेलं वाचून दाखवलं का, सही तुमची का. गाडी कुठे पडली होती, काच फुटली होती का, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा होत्या का, टेपनं मोजलं का, एवढंच. साक्षीआधी सरकारी वकील पंचनामा वाचायला देतील. न देतील तर मागा. उलटतपासात "आज वाचून आलात का?" असं विचारलं तर "हो" म्हणा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुकारा झाला की पिंजऱ्यात उभं राहून शपथ घ्यायची. आधी सरकारी वकील विचारतात, तो सरतपास. मग आरोपीचे वकील, तो उलटतपास. गरज पडली तर सरकारी वकील पुन्हा विचारतात. पंचाला उलटतपासात हमखास येणारा प्रश्न असा : "पंचनामा ठाण्यात लिहिला आणि तुम्ही न वाचता सही केली, हे खरं ना?" खरोखर न वाचता केली असेल, तर "हो, वाचला नव्हता" असंच सांगा. वाचून केली असेल, तर "नाही, वाचून केली." प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. आठवत नसेल तर "आठवत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजानं भर घालू नका. खरं सांगितल्यावर सरकारी वकिलांच्या बाजूला अडचण आली, तर ते तुम्हाला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारतील. ऐकायला जड वाटतं, पण फितूर ठरणं ही शिक्षा नव्हे. शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगणं हा मात्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून कुणाच्याही, म्हणजे पोलिसांच्या वा आरोपीच्या, सांगण्यावरून बोलू नका. कुणी दबाव आणला तर पिंजऱ्यातूनच न्यायाधीशांना सांगा.

साक्ष टाइप होते. सही करण्याआधी वाचून घ्या, आणि चुकीचं उतरलं असेल तर तिथल्या तिथे सांगा, दुरुस्ती नोंदवली जाते. कधी तुम्ही दिवसभर बसता आणि साक्षच होत नाही. मग नवी तारीख दिली जाते. ती सांगितली की तुम्हाला बांधील असते, दुसरं समन्स येईल म्हणून वाट पाहू नका. निघण्याआधी जाण्यायेण्याच्या खर्चासाठी साक्षीदार भत्त्याची मागणी सरकारी वकिलांकडे करा. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसतं.