आधी रिबन झाकून बघ
कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तूंना गुण देण्यासाठी त्यांच्या फोटोंची तुलना करताना नवशिक्यांची नजर आधी रिबनच्या फुलावर जाते. तिथेच फसगत होते. फुलावर अंगठा ठेव आणि खोक्याची अरुंद बाजू बघ. तिथल्या त्रिकोणी घड्यांची टोकं मध्यावर मिळतात का? कागद फुगलेला असेल, तर बहुतेक वेळा तो गरजेपेक्षा मोठा कापलेला असतो. अरुंद बाजूला खोक्याच्या उंचीच्या पाऊणपट कागद पुरतो. समोरूनच काढलेला फोटो असेल तर घड्यांना गुण देऊ नकोस, दिसतच नाहीत त्या!

मग रिबन: पीळ पडलाय का, टोकं तिरकी कापलीत का, एवढंच.

प्रसंग शेवटी. सांत्वनाच्या भेटीवर चकचकीत कुरळी रिबन कितीही सुबक असली तरी मी ती मागे टाकते.