एकशे ऐंशी दिवस उलटले, पैसे मात्र पॉलिसीत

प्रश्न: ‘माझा पॅकेजिंगचा छोटा कारखाना आहे. एका पुरवठादाराच्या ११.८० लाखांच्या बिलापैकी (१० लाख माल, १.८० लाख जीएसटी) निम्मे पैसे दिले, निम्मे थकलेत. बिलाला सात महिने झाले. सगळं १.८० लाखांचं क्रेडिट उलटवावं लागेल का? तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या हमखास परताव्याच्या पॉलिसीत ५ लाख भरल्यामुळे हात जरा आखडलाय. हप्ता दहा वर्षं आहे.’

नाही, सगळं नाही. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेच्या प्रमाणातच क्रेडिट उलटवायचं. तुमचे ५.९० लाख बाकी आहेत, म्हणजे त्यातला कर ९० हजार. तो १८० दिवस संपल्यानंतरच्या करकालावधीच्या GSTR-3B मध्ये तक्ता 4(B)(2) मध्ये दाखवा. क्रेडिट तुम्ही वापरून टाकलंय, त्यामुळे १८ टक्क्यांनी व्याजही लागेल: महिन्याला साडेतेराशे, सात महिन्यांचे साधारण साडेनऊ हजार. व्याज रोखीनेच भरावं लागतं.

हे तुमच्या नजरेतून का निसटलं असेल, याचा मला अंदाज आहे. साठ दिवसांच्या उधारीवर माल घेणारे टॅलीत थकबाकीचं वय देय तारखेपासून काढतात. तिथे हे बिल दीडशे दिवसांचं दिसतं. कायदा मात्र बिलाच्या तारखेपासून मोजतो, उधारीची मुदत काहीही ठरलेली असो. यापुढे यादी बिलाच्या तारखेने काढा आणि दीडशे दिवस ओलांडलेली बिलं वेगळी ठेवा.

पुरवठादाराला पैसे दिलेत की ९० हजार परत घेता येतात, आणि या परत घेण्याला क्रेडिटची एरवीची कालमर्यादा लागू नाही. व्याज मात्र गेलं ते गेलं.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्याकडे पुरवठादाराचे पैसे होते. ते तुम्ही पॉलिसीत घातलेत. अशा पॉलिसीचा वार्षिक दर काढला तर बहुधा पाच-सहा टक्क्यांवर येतो, आणि इकडे थकलेल्या करावर १८ टक्के सुरू आहेत. खेळत्या भांडवलातून दरवर्षी ५ लाख, दहा वर्षं, ही पॉलिसी कारखानदाराला विकणाऱ्याने तुमचा ताळेबंद बघितलेला नाही. पुढच्या वर्षी हप्ता चुकला आणि पॉलिसी सरेंडर करावी लागली, तर भरलेल्यातला मोठा भाग बुडेल.

पण पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरलाय. विकणाऱ्या माणसाला फोन करू नका, तो तुम्हाला आठवडाभर समजावत बसेल. कंपनीला थेट लेखी अर्ज द्या, मूळ कागद जोडा, तारखेची पोच घ्या. तेवढ्या दिवसांच्या विमा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम परत येईल. ती आली की तशीच पुरवठादाराच्या खात्यात वळवा, वरचे लाखभर गोळा करा, आणि पुढच्या GSTR-3B मध्ये ९० हजार परत घ्या.